दोन स्थळं आणि मधोमध उलटं पडलेलं ‘लव्हर्स’: एका स्प्रेडचं संपूर्ण वाचन

दोघांपैकी कोणाला होकार द्यावा, या प्रश्नावर टॅरोमधलं ‘द लव्हर्स’ कार्ड उलटं पडलं की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, “म्हणजे दोघंही नकोत.” दुसरं वाक्य असतं, “कोणीतरी फसवतंय.” अधूनमधून ही दोन्ही खरी ठरतात. पण कार्ड कुठल्या जागेवर पडलंय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे न पाहता ती बोलायची नसतात. खाली एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडलं आहे. ते सरावासाठी बांधलेलं आहे, म्हणजे त्यातली माणसं कोणी खरी व्यक्ती नाहीत. परिस्थिती मात्र टॅरोच्या टेबलापाशी पुन्हापुन्हा येणारी आहे.

प्रश्नकर्ती २९ वर्षांची, नोकरी ठाण्यात, घर साताऱ्याला. पहिलं स्थळ, त्याला ‘अ’ म्हणू, नाशिकचं आहे. मुलगा बँकेत अधिकारी, घरच्यांच्या ओळखीतून आलेला. दोन भेटी झाल्या, दोन्ही वेळा मोठी माणसं समोर बसलेली. दुसरा ‘ब’, पूर्वी एकाच ऑफिसात असलेला, आता पुण्यात. चार वर्षांची ओळख आहे आणि त्याने लग्नाचं विचारलं आहे. जात वेगळी आहे, आणि तिच्या घरी त्याच्याबद्दल अजून कोणाला माहीत नाही. अ-कडच्यांना तीन आठवड्यांत उत्तर हवंय. तिने विचारलेला प्रश्न असा होता: “ताई, या दोघांपैकी माझ्यासाठी कोण योग्य आहे?”

डेक रायडर-वेट-स्मिथ. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं वाचन चित्रावर उभं आहे. हा डेक लंडनमध्ये १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला. त्यातल्या लव्हर्समध्ये खाली एक स्त्री आणि एक पुरुष आहेत, आणि वर ढगांतून पंख पसरलेला देवदूत. त्याआधीच्या मार्सेय परंपरेत याच सहा क्रमांकाच्या कार्डावर एक तरुण दोन बायकांच्या मधे उभा असतो आणि डोक्यावर मदन बाण रोखून असतो. म्हणजे दोघांतून एक निवडण्याचा प्रसंग त्या जुन्या चित्रात उघड होता. वेट यांच्या चित्रातून तो गेला, तरी ‘निवड’ हा अर्थ कार्डाला चिकटून राहिला. मार्सेय डेक वापरणाऱ्याने पुढचं देवदूताबद्दलचं वाचन जसंच्या तसं उचलू नये. तिथे वर देवदूत नाही, डोळस किंवा डोळे बांधलेला मदन आहे, आणि त्याचं म्हणणं वेगळं असतं.

आधी पाहायचं ते हे, की कार्ड खरंच उलटं आहे का

हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण चुकीच्या वाचनांचा मोठा हिस्सा इथेच सुरू होतो. कार्ड उघडताना पुस्तकाचं पान उलटावं तसं बाजूने उलटलं तर त्याची दिशा टिकते. वरची कड धरून आपल्याकडे पालथं केलं तर सुलटं कार्ड उलटं होतं. एकाच स्प्रेडमध्ये काही कार्डं अशी आणि काही तशी उघडली, तर उलट-सुलटला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून सगळी कार्डं बाजूनेच उघडायची. दुसरं म्हणजे, प्रश्नकर्ती समोर बसली असेल तर तिला उलटं दिसणारं कार्ड वाचणाऱ्याला सुलटं दिसतं. कोणाच्या बाजूने वाचायचं हे पत्ते पिसण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. साधा रिवाज वाचणाऱ्याच्या बाजूचा आहे.

तिसरी गोष्ट पिसण्याची. नवा डेक एकाच दिशेने रचलेला असतो. हातात धरून तो कितीही पिसला तरी एकही कार्ड उलटं होत नाही. निम्मा गठ्ठा फिरवून मग पिसावा लागतो, किंवा सगळे पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल फिरवून एकत्र करावे लागतात. या प्रकरणात दुसरी पद्धत वापरली. डेक नीट मिसळला असेल तर सात कार्डांत सरासरी तीन-चार उलटी येतात. इथे दोन आली, त्यात आश्चर्य नाही. सातपैकी सहा-सात उलटी आली तर आधी मिसळण्यावर संशय घ्यावा, प्रश्नकर्तीच्या नशिबावर नाही. पिसताना उडून पडलेलं कार्ड इथे धरलेलं नाही; ते हवेत कसं फिरलं हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे निदान त्याच्या दिशेला तरी किंमत देऊ नये.

आणखी एक हिशेब मनाशी असावा. अठ्ठ्याहत्तर कार्डांच्या डेकमधून सात काढली तर लव्हर्स त्यात असण्याची शक्यता अकरात एक, आणि ते उलटं असण्याची साधारण बावीसात एक. प्रेमाचा प्रश्न विचारला आणि नेमकं प्रेमाचं कार्ड आलं, म्हणून भारावून जाण्याइतकं ते दुर्मिळ नाही.

मांडणी

मधे एक कार्ड: या निवडीचं मूळ. डावीकडे अ-चे तीन, वरून खाली, आणि उजवीकडे ब-चे तीन, तसेच. प्रत्येक बाजूला वरची जागा ‘हे नातं काय देतं’, मधली ‘हे नातं तिच्याकडून काय मागतं’, आणि खालची ‘या वाटेने गेलं तर पुढचे सहा महिने’. मधल्या जागा मुद्दाम मधल्या कार्डाला लागून ठेवल्या आहेत. नात्याची किंमत आणि निवडीचं मूळ एका आडव्या ओळीत दिसावं, एवढ्यासाठीच ही मांडणी आहे. तीन-तीन कार्डांचे दोन खांब मांडून मधली जागा रिकामी सोडणारी पद्धतही चालते. तिच्यात वाचणारा आपोआप गुण मोजायला लागतो: इकडे दोन चांगली, तिकडे एक. लग्नाच्या प्रश्नाला ती फार घातक सवय आहे.

पडलेली कार्डं अशी. मधे लव्हर्स, उलटं. अ-च्या बाजूला वर टेन ऑफ पेंटॅकल्स, मधे एट ऑफ स्वोर्ड्स, खाली हायरोफंट, तिन्ही सुलटी. ब-च्या बाजूला वर नाइट ऑफ कप्स सुलटं, मधे सेव्हन ऑफ वाँड्स सुलटं, खाली पेज ऑफ पेंटॅकल्स उलटं.

मधलं कार्ड

उलट्या लव्हर्सला एकच अर्थ नाही. प्रेमाच्या प्रश्नात त्याच्या तीन दिशा प्रामुख्याने कामाला येतात. पहिली, निवड टाळली जातेय किंवा दुसऱ्या कोणाच्या हातात गेली आहे. दुसरी, ओढ आहे पण मूल्यं जुळत नाहीत. तोंडाने एक आणि वागण्यात दुसरं. तिसरी, जोडी तुटते आहे किंवा ठरलेलं मोडतं आहे. वेट यांनी उलट्या कार्डाला अपयश आणि मूर्खपणाचे बेत हे अर्थ दिले होते, आणि लग्नात अडथळा हा अर्थही नोंदवला होता. या शेवटच्या नोंदीमुळेच “लग्न मोडणार” हे वाक्य इतकं पसरलं असावं. तिन्हींपैकी कुठला अर्थ लागू आहे, हे मधल्या कार्डाकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी कळत नाही. ते शेजारी ठरवतात. म्हणून मधलं कार्ड आधी पाहायचं, त्यावर बोलायचं मात्र सर्वांत शेवटी.

तोवर चित्र नीट पाहून घ्यावं. सुलट्या कार्डात पुरुष स्त्रीकडे पाहतो आणि स्त्री वर देवदूताकडे. ही नजरेची साखळी म्हणजे कार्डाचा कणा: ओढ एका माणसाकडून दुसऱ्याकडे, आणि तिथून काहीतरी मोठं, योग्य वाटणाऱ्याकडे. कार्ड उलटं झालं की देवदूत आणि सूर्य तळाला जातात, माणसं वर लटकतात. स्त्री अजूनही त्याच देवदूताकडे पाहते आहे, फक्त तो आता खाली आहे. संमती देणारा जागेवरून हलला आहे. इथे वाचणाऱ्याने विचारायला हवा तो प्रश्न असा: या मुलीच्या निवडीत देवदूताच्या जागी कोण बसलं आहे? तिचा स्वतःचा विवेक, की दुसरं कोणी?

इथे एक गफलत नेहमी होते. पंधरा क्रमांकाच्या ‘डेव्हिल’ कार्डाची रचना मुद्दाम लव्हर्ससारखी केली आहे: खाली स्त्री-पुरुष, वर पंखवाली आकृती, फक्त गळ्यात साखळ्या. त्यामुळे काहीजण उलटं लव्हर्स म्हणजे डेव्हिलच असं धरतात आणि वासना, व्यसन, विषारी नातं असं बोलू लागतात. डेव्हिल डेकमध्ये वेगळं आहे. ते सांगायचं असतं तर ते पडलं असतं. उलट्या लव्हर्समध्ये साखळी नाही, फक्त दिशा हरवली आहे.

शेजारची दोन

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो आडव्या ओळीला: एट ऑफ स्वोर्ड्स, उलटं लव्हर्स, सेव्हन ऑफ वाँड्स.

एट ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळे बांधलेली, अंगाभोवती पट्ट्या गुंडाळलेली बाई उभी आहे. मागे आणि बाजूला तलवारी रोवलेल्या. पण तिचे पाय मोकळे आहेत आणि समोर वाट अडवणारी तलवार नाही. अ-शी लग्न तिच्याकडून काय मागतं, तर गप्प उभं राहणं. कोणी तिला कोंडलेलं नाही. ती बोलत नाही म्हणून अडकलेली आहे. हे अ-च्या स्वभावाबद्दल एक अक्षरही सांगत नाही, कारण ही जागा ‘तिच्याकडून काय मागतं’ याची आहे. नवशिका वाचणारा इथे हमखास घसरतो आणि “सासर तुम्हाला कोंडून ठेवेल” असं सांगून मोकळा होतो. जागेचं नाव पुन्हा मोठ्याने म्हणायचं आणि मग कार्ड वाचायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

सेव्हन ऑफ वाँड्समध्ये एक जण उंचवट्यावर उभा राहून खालून येणाऱ्या सहा काठ्यांना एका काठीने तोंड देतोय. त्याच्या एका पायात बूट आहे आणि दुसऱ्यात वेगळंच पादत्राण; तयारी करायला वेळच मिळाला नसावा. ब-शी लग्न तिच्याकडून मागतं ते भांडणं. खालून येणाऱ्या काठ्या कोणाच्या, हे विचारायला नको. तिनेच सांगितलं आहे की घरी माहीत नाही.

आता ओळ एकत्र वाचा. एका बाजूला घरासमोर गप्प राहणं, दुसऱ्या बाजूला घराशी लढणं, आणि दोन्हींच्या मधे संमतीची जागा सरकलेलं लव्हर्स. दोन्ही किमती नवऱ्याला द्यायच्या नाहीत, घराला द्यायच्या आहेत. ती अ आणि ब यांची तुलना करतच नाहीये. गप्प बसणं आणि भांडणं यांतलं कमी त्रासाचं कुठलं, एवढंच ती शोधते आहे. उलट्या लव्हर्सचा पहिला अर्थ इथे पक्का झाला: निवडीचा लगाम दुसऱ्याच्या हातात आहे.

शेजारी वेगळे असते तर हे वाचन बदललं असतं. एखाद्या बाजूला तंबूंमधून पाच तलवारी उचलून पळणारा सेव्हन ऑफ स्वोर्ड्स असता, तर दुसरा अर्थ, बोलणं आणि वागणं वेगळं असण्याचा, तपासावा लागला असता. थ्री ऑफ स्वोर्ड्स किंवा उलटं टू ऑफ कप्स असतं तर तुटण्याचा. आणि हेच लव्हर्स उलटं होऊन मधे न पडता ब-च्या वरच्या जागेवर पडलं असतं, तर ते तिच्या निवडीबद्दल नसून ब-च्या देण्याबद्दल झालं असतं: ओढ देतो, शब्द देत नाही. मोठी चूक होते ती अशी, की मधल्या जागेचं कार्ड वाचणारा मनातल्या मनात ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याच्या बाजूला ढकलतो. मधलं कार्ड कोणाच्याही बाजूचं नसतं. ते प्रश्नाचं असतं.

उरलेली चार

टेन ऑफ पेंटॅकल्स म्हणजे भरलेलं घर: पुढे बसलेला म्हातारा, दोन कुत्री, एक पोर, आणि जोडपं मागे कमानीखाली. देणं चांगलं आहे, ते कमी लेखू नये. पण जोडपं स्वतःच्याच कार्डात मागे आहे. खाली हायरोफंट, म्हणजे रीतीप्रमाणे, थोरांच्या साक्षीने, मंगलाष्टकांसह. अ-च्या तिन्ही कार्डांत घर आहे, विधी आहे, ती स्वतः आहे. समोर उभा राहून तिच्याकडे पाहणारा पुरुष एकाही कार्डात नाही. याचा अर्थ अ वाईट आहे असा नाही. ती त्याला ओळखत नाही, एवढाच आहे. दोन भेटी, दोन्ही मोठ्यांसमोर.

नाइट ऑफ कप्स हातात पेला पुढे धरून संथ चालीने येतो. मागणी गोड आहे, घाई नाही. कुठल्या तारखेला काय, हेही नाही. त्याखाली पेज ऑफ पेंटॅकल्स उलटं: सुलट्यात तो दोन्ही हातांनी नाणं उचलून न्याहाळतो, उलट्यात ते नाणं तळाला गेलेलं. ब-ने बोलण्यापलीकडे ठोस असं काही सुरू केलेलं दिसत नाही. त्याच्या घरी तरी सांगितलंय का? हे कार्डाला विचारायचं नाही, तिला विचारायचं. तिचं उत्तर होतं, “नाही ताई. आधी तू सांग, मग मी सांगतो, असं म्हणतो.” पेज ऑफ पेंटॅकल्सबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज पडत नाही.

प्रश्न बदलणं, आणि काय करायचं नाही

इथवर आल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर या स्प्रेडमध्ये नाही, हे सरळ सांगावं लागतं. शब्द साधारण असे: “कोण योग्य, हे या पत्त्यांत दिसत नाही. तुम्ही अजून दोघांमधून निवडायला बसलेलाच नाही आहात, असं दिसतं. तुम्ही आईबाबांशी बोलायचं टाळण्याचा कमी त्रासाचा मार्ग शोधताय. मी चुकत असेन तर सांगा.” शेवटचं वाक्य सौजन्य म्हणून नाही. ती “नाही, घरचे काहीही म्हणोत, मला फरक पडत नाही” असं ठामपणे म्हणाली, तर पहिला अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाकडे जावं लागतं, आणि नाइटच्या गोड बोलण्याखाली पडलेलं उलटं पेज मग जास्त महत्त्वाचं ठरतं. ती गप्प राहिली आणि मग आईबद्दल बोलू लागली, तर वाचन योग्य मार्गावर आहे.

यावर तिची मागणी येते ती ठरलेली: “अजून एक कार्ड काढून बघू या ना.” खुलाशाचं कार्ड एक काढायला हरकत नाही, पण ते एखाद्या जागेसाठी असावं, निकालासाठी नाही. मधल्या लव्हर्सवर खुलासा काढायचा आणि तो आवडला नाही की आणखी एक, असं सुरू झालं की चौथ्या-पाचव्या कार्डापर्यंत हवं ते मिळतंच; डेकमध्ये प्रेमाची कार्डं पुरेशी आहेत. तोच प्रश्न त्याच संध्याकाळी पुन्हा मांडण्याचंही तसंच. परिस्थितीत काही बदलेपर्यंत, इथे म्हणजे घरी किंवा दोघांपैकी एकाशी खरं बोलणं होईपर्यंत, पुन्हा मांडू नये.

“लव्हर्स म्हणजे मिथुन ना? ब-ची रास मिथुन आहे,” हेही ऐकू येतं. टॅरोतली ही जोडणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या गोल्डन डॉन या मंडळाने केली, आणि ती पाश्चात्त्य पद्धतीच्या मिथुनाशी आहे. आपल्या पत्रिकेतली रास चंद्राची आणि निरयन गणिताची असते. दोन्ही सरमिसळ करून माणूस ओळखायला जाणं म्हणजे साताऱ्याची एसटी पकडून नाशिकला उतरायची वाट पाहणं.

पत्त्यांच्या आवाक्याबाहेरचंही स्पष्ट बोलावं. अ-ची नोकरी, कर्ज, आधीचं लग्न, ब-चा पगार, कोणाचं आजारपण: यातलं काहीही सेव्हन ऑफ स्वोर्ड्स पाहून कळत नाही, ते चौकशी करून कळतं. आणि एट ऑफ स्वोर्ड्सवर बोलताना तिने घरातून मारहाण, कोंडून ठेवणं किंवा धमकी यांचा उल्लेख केला, तर पायांतली वाट मोकळी आहे हे वाक्य गिळून टाकायचं. तिथे वाचन थांबवून महिला हेल्पलाइन १८१ किंवा तातडीचा ११२ नंबर द्यायचा. या प्रकरणात तसं काही नव्हतं.

तिला काय दिलं

दोन कामं, तीन आठवड्यांच्या आतली. अ-ला एकटीने भेटायचं, घरच्यांशिवाय, निदान तासभर. टेन ऑफ पेंटॅकल्समधला कमानीखालचा माणूस बाहेर येऊन बोलतो का, हे पाहायला. त्याला विचारायचे प्रश्न तिचेच: लग्नानंतर ठाण्यातली नोकरी, आईवडिलांना पैसे पाठवणं, आणि हे लग्न त्याला स्वतःला हवंय का. ब-ला एक तारीख मागायची, ज्या दिवशी तो त्याच्या घरी सांगेल, तिने आधी सांगण्याची अट न घालता. तारीख मिळाली तर उलटं पेज सुलटं व्हायला लागलं. मिळाली नाही तर तेही उत्तरच आहे, आणि ते पत्त्यांनी दिलेलं नसून ब-ने दिलेलं आहे.

आईशी बोलण्याचं काम दिलं नाही. ते तिसरं काम दिसायला सर्वांत योग्य वाटतं, पण सेव्हन ऑफ वाँड्समधल्या माणसासारखं एका पायात बूट घालून लढायला पाठवण्यात अर्थ नाही. आधीच्या दोन कामांतून हातात काहीतरी आल्यावर ते तिचं तिला ठरवता येतं.

नोंदवहीत तारीख, स्प्रेडचा फोटो, फोटो कोणाच्या बाजूने काढला ते, पिसण्याची पद्धत, तिचा मूळ प्रश्न तिच्याच शब्दांत आणि लव्हर्सच्या तीन अर्थांपैकी निवडलेला अर्थ एवढं लिहावं. ती परत आली की पत्ते काढण्याआधी वही उघडायची आणि दोन कामांचं काय झालं ते विचारायचं. तिने दोन्ही केली असतील तर नवा प्रश्न बहुधा ‘कोण’ असा नसतो, ‘आईला कसं सांगू’ असा असतो, आणि त्यासाठी सात कार्डं लागत नाहीत, तीन पुरतात. एकही केलं नसेल, तर डेक पेटीतच राहू द्यावा.